जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर नव्या टीव्हीला जोडला: बातम्या ऐकू येतात, सिनेमा मुका, आणि वर सतत घूंऽऽ

निवांत_संध्याकाळ

नमस्कार मंडळी. घरात बाबांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आहे. चाळीसेक वर्षांचा असेल, पण अजून ठणठणीत चालतो. सोबत लाकडी पेटीतले दोन स्पीकर, ८ ओहमचे. ते नुसते तारेवर चालणारे, त्यांना स्वतःची वीज लागत नाही. नव्या टीव्हीचा आवाज मागच्या बाजूने भिंतीवर आदळून येतो आणि संवाद कळतच नाहीत, म्हणून ही जोडी टीव्हीला लावायचं ठरवलं.

टीव्हीला हेडफोनचं भोक नाही. मागे ऑप्टिकल आहे आणि एका एचडीएमआयवर ARC लिहिलंय. म्हणून एक छोटा डॅक आणला: ऑप्टिकल आत, लाल-पांढऱ्या आरसीए पिना बाहेर. त्या अ‍ॅम्पच्या AUX मध्ये लावल्या. डॅकला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिली, म्हणजे टीव्ही बंद केला की तोही बंद होतो.

आता अडचणी सांगते.

एक, सेट टॉप बॉक्सवरच्या बातम्या छान ऐकू येतात, पण टीव्हीतल्या अ‍ॅपवर सिनेमा लावला की पूर्ण शांतता. एकदा तर शांततेऐवजी मोठ्ठा खर्रर्र आवाज आला. घाबरून बंद केलं.

दोन, काहीही लावलेलं नसतानाही स्पीकरमधून खालच्या पट्टीतली घूं येत राहते. टेपवर ठेवलं तर येत नाही, AUX वर ठेवलं की येते.

तीन, आवाजाचं बटण जेमतेम हललं की घर दणाणतं. आणि त्या इतक्याशा जागेत डावा स्पीकर उजव्यापेक्षा मोठा वाजतो.

अ‍ॅम्पच म्हातारा झाला का? की डॅक खराब आलाय?

कॅसेटप्रेमी

ताई, जुन्या अ‍ॅम्पमधले कपॅसिटर सुकतात. घूं येणारच. कारागिराकडून पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर बदलून घ्या, दोन नंबरची अडचण जाईल.

सिनेमाच्या बाबतीत, डॅक बदलून एचडीएमआयवाला घ्या. एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर म्हणून डबी मिळते. ऑप्टिकल जुनं झालं आता.

घाईत

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ शोधा आणि स्पीकर पेअर करा. माझे दोन मिनिटांत जोडले गेले.

निवांत_संध्याकाळ

@घाईत, माझ्या स्पीकरमध्ये ब्लूटूथ नाही हो. नुसती पेटी आणि दोन तारा आहेत. सगळं काम अ‍ॅम्पच करतो.

तांब्याची_तार

ताई, तुम्ही वर्णन नेमकं केलंय, त्यामुळे काम सोपं झालं. अ‍ॅम्प बहुधा ठीक आहे, डॅकही ठीक आहे. तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, तेव्हा एकेक घेऊ.

आधी मुका सिनेमा. तुमच्यासारखा छोटा डॅक फक्त पीसीएम समजतो, म्हणजे दोन वाहिन्यांचा साधा उलगडलेला डिजिटल आवाज. अ‍ॅपवरचे बरेच सिनेमे डॉल्बीत असतात. टीव्हीचं सेटिंग Auto किंवा Pass Through वर असेल तर टीव्ही ते डॉल्बीचं गाठोडं न सोडता तसंच ऑप्टिकलवर ढकलतो. डॅकला ते सोडता येत नाही. चांगला डॅक अशा वेळी गप्प बसतो. साधा डॅक त्या गाठोड्यालाच आवाज समजून वाजवायला जातो, तोच तुमचा खर्रर्र. तो पूर्ण जोराने येतो, म्हणून पुढचं करून होईपर्यंत अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर ठेवा. ट्वीटर जाऊ शकतो.

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये Digital Audio Out किंवा तसंच काही नाव असेल. तिथे PCM निवडा. मग डॉल्बी टीव्ही स्वतः उलगडेल, पाच-सहा वाहिन्या दोनात मिसळेल आणि डॅकला समजेल अशा रूपात देईल. तुमच्या बातम्यांचा आवाज मुळातच दोन वाहिन्यांचा असणार, म्हणून तो आधीपासून चालत होता.

@कॅसेटप्रेमी, एक्स्ट्रॅक्टरबद्दल जपून. त्यातल्या बऱ्याच डब्या प्लेअर आणि टीव्हीच्या मध्ये बसवायच्या असतात. प्लेअरकडून येणाऱ्या सिग्नलमधून आवाज वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज उलट्या दिशेने, टीव्हीकडून बाहेर यायचा असतो. त्याला एआरसी समजणारी डबीच लागते. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात आणि माणूस चुकीची घेऊन येतो.

घूंबद्दल संध्याकाळी लिहितो. तोवर एवढंच सांगा: अ‍ॅम्पचा प्लग दोन पिनांचा आहे की तीन? सेट टॉप बॉक्सला बाहेरून केबल येते का? आणि AUX वर ठेवून आवाजाचं बटण शून्यावर नेलं तर घूं जाते का?

निवांत_संध्याकाळ

PCM केलं आणि सिनेमा लगेच बोलायला लागला! सेटिंग Auto वरच होतं.

प्लग तीन पिनांचा, जाड अर्थवाला. सेट टॉप बॉक्सला छतावरून गोल केबल येते. बटण शून्यावर नेलं की घूं पूर्ण जाते, वाढवलं की वाढते.

रात्रपाळी

माझं थोडं वेगळं आहे, पण इथेच विचारतो. माझं PCM आधीपासून आहे आणि अ‍ॅपवर सगळं चालतं. पेनड्राइव्हवर ठेवलेले काही सिनेमे मात्र मुके. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवरही मुकेच. त्याच पेनड्राइव्हवरचे दुसरे सिनेमे बोलतात.

आणि जे बोलतात त्यांतही संवाद बारीक आणि मारामारी मोठी. रात्री उशिरा बघतो, घरचे झोपलेले असतात, त्यामुळे सारखा आवाज कमी-जास्त करावा लागतो.

तांब्याची_तार

@रात्रपाळी, टीव्हीच्या स्पीकरवरही मुके आहेत म्हणजे डॅक निर्दोष. त्या फायलींमधला आवाज बहुतेक डीटीएसमध्ये असेल. बऱ्याच टीव्हींना डॉल्बी उलगडता येतं पण डीटीएस येत नाही. जे टीव्हीलाच उलगडत नाही त्याचं पीसीएम तो करणार कसं? फाईल संगणकावर घेऊन आवाजाची पट्टी बदलता येते, चित्राला हात लावावा लागत नाही. `ffmpeg` वापरता येत असेल तर:

```
ffmpeg -i film.mkv -c:v copy -c:a ac3 -b:a 448k film2.mkv
```

चित्र जसंच्या तसं उतरतं, आवाज फक्त डॉल्बी डिजिटलमध्ये बदलतो.

संवाद बारीक येतात कारण सिनेमात ते मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. सगळं दोनात मिसळताना ती मधली वाहिनी थोडी कमी करून दोन्हीकडे वाटली जाते आणि मारामारीखाली दबते. अ‍ॅपमध्ये भाषेच्या यादीत त्याच भाषेचा 5.1 शिवायचा पर्याय असेल तर तो निवडा. तो मुळातच दोन स्पीकरसाठी मिसळलेला असतो आणि बहुधा जास्त समतोल वाटतो.

आता ताईंची घूं.

बटण शून्यावर नेल्यावर घूं जाते, म्हणजे ती बटणाच्या आधी, AUX च्या वाटेने आत येतेय. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असते तर बटण शून्यावर असतानाही घूं ऐकू आली असती, आणि टेपवर ठेवूनही गेली नसती. म्हणून अ‍ॅम्प उघडायची गरज मला तरी दिसत नाही.

माझा संशय असा. अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थ मिळतोय. छतावरून येणाऱ्या केबलची बाहेरची जाळीही कुठेतरी अर्थला टेकलेली असते, आणि ती सेट टॉप बॉक्स व एचडीएमआयमधून टीव्हीच्या पेटीपर्यंत पोचते. दोन्ही अर्थ नावाला एकच, पण प्रत्यक्षात त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असतो. टीव्ही आणि अ‍ॅम्प तारेने जोडले गेले की वर्तुळ पुरं होतं आणि मेन्सचा बारीकसा प्रवाह आरसीएच्या जाळीतून फिरायला लागतो. अ‍ॅम्प तोच वाजवतो.

तुम्ही म्हणाल, ऑप्टिकलमधून तर नुसता उजेड जातो, तारेचा संबंध येतोच कुठे? खरंय, ऑप्टिकलचा मोठा फायदाच तो. पण तुमच्याकडे टीव्हीपासून डॅकपर्यंत एक तार गेलेली आहे: यूएसबीची. तिची ऋण बाजू टीव्हीच्या पेटीला जोडलेली, डॅकमध्ये तीच आरसीएच्या जाळीला जोडलेली, आणि जाळी अ‍ॅम्पला. उजेडाने जे तोडलं ते विजेच्या तारेने परत जोडलं.

दोन चाचण्या करा. पहिली, सेट टॉप बॉक्सची छतावरची केबल काढून ऐका. दुसरी, केबल परत लावा, डॅकची यूएसबी टीव्हीतून काढून मोबाइलच्या पॉवर बँकेला लावा. पॉवर बँक कुठल्याच अर्थला जोडलेली नसते, म्हणून चाचणीला तिच्यासारखी सोपी वस्तू नाही. दोन्ही वेळा काय होतं ते लिहा.

कॅसेटप्रेमी

कपॅसिटरचं माझं चुकलं, मान्य. बटणाची खूण ध्यानात ठेवतो. पण अर्थचंच वर्तुळ असेल तर अ‍ॅम्पच्या प्लगमधली अर्थची पिन काढली की झालं ना? मी एका अ‍ॅम्पला असंच केलं होतं, घूं गेली.

तांब्याची_तार

घूं जाईल यात शंका नाही. पण कृपा करून असं करू नका, आणि ज्याला केलंय त्याची पिन परत जोडा. अर्थ त्या धातूच्या पेटीसाठी आहे. चाळीस वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी दगा देईल सांगता येत नाही. तसं झालं आणि अर्थ असेल तर फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर पेटी जिवंत होते आणि आवाज कमी करायला पुढे आलेला हात तिला लागतो. आरसीएच्या जाळीतून ते व्होल्टेज डॅकपर्यंतही जाईल. वर्तुळ तोडायचंच तर सिग्नलच्या बाजूने तोडावं, संरक्षणाच्या बाजूने कधीच नाही.

कॅसेटप्रेमी

बरोबर आहे. आजच जोडतो.

प्रश्नचिन्ह

दोन शंका. एक, माझ्या अ‍ॅम्पला AUX नाही. PHONO आणि TUNER आहे. PHONO मध्ये लावू का? दुसरी, डॅकमुळे आवाज ओठांच्या मागे पडतो म्हणतात, ते खरं का?

तांब्याची_तार

PHONO मध्ये अजिबात नको. ते तबकडीच्या सुईसाठी आहे. सुई काही मिलिव्होल्ट देते, डॅक पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट देतो, म्हणजे शेकडो पट. शिवाय तिथे खालचे सूर वाढवणारी आणि वरचे दाबणारी सुधारणा बसवलेली असते. आवाज फाटका आणि ढब्ब येईल. TUNER मध्ये लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने TUNER, AUX आणि टेपचं PLAY सारखीच असतात, नावं वेगळी.

ओठांबद्दल म्हणाल तर असा डॅक लागलीच वाजवतो, उशीर झाला तरी काही मिलिसेकंदांचा. उशीर बहुधा टीव्हीच्या चित्राला होतो, कारण तो चित्रावर बरीच प्रक्रिया करतो. मग आवाज चित्राच्या पुढे जातो, मागे नाही. टीव्हीत AV Sync सारखं सेटिंग असतं, त्याने आवाज थोडा थांबवता येतो. ब्लूटूथची गोष्ट वेगळी, तिथे खरंच आवाज मागे राहतो.

निवांत_संध्याकाळ

चाचण्या केल्या. छतावरची केबल काढली तर घूं बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. केबल परत लावून डॅक पॉवर बँकेवर घेतला तर पूर्ण शांत! स्पीकरला कान लावला तरी फक्त अगदी बारीक सळसळ.

मग डॅक मोबाइलच्या चार्जरवर लावला. घूं नाही, पण एका चार्जरवर अगदी बारीक कीऽऽ येते. दुसऱ्या चार्जरवर तीही नाही. असं का?

तांब्याची_तार

म्हणजे वर्तुळ यूएसबीतूनच होत होतं. केबल काढल्यावरही थोडी उरली, कारण टीव्हीच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून मेन्सचा अगदी बारीक प्रवाह पेटीवर येतो आणि तोही यूएसबीच्या वाटेने अ‍ॅम्पच्या अर्थकडे जात होता.

कीऽऽ ही चार्जरच्या आतल्या स्विचिंगची. प्रत्येक चार्जरची गाळणी सारखी नसते. जो शांत आहे तो डॅकसाठी कायमचा ठेवून द्या. ५ व्होल्टचा हवा, आणि डॅकवर जितके अँपिअर लिहिलेत तितके किंवा जास्त चालतील.

तोटा एवढाच की टीव्हीबरोबर डॅक आता आपोआप बंद होणार नाही. त्याची वीज फार कमी असते, चालू राहिला तरी बिघडत नाही. फक्त अ‍ॅम्प शेवटी चालू करा आणि बंद करताना आधी करा, म्हणजे डॅकचे टकटक आवाज स्पीकरपर्यंत जाणार नाहीत.

रात्रपाळी

`ffmpeg` ने जमलं, सिनेमा बोलला. दोन वाहिन्यांचा पर्याय मात्र माझ्या अ‍ॅपवर प्रत्येक सिनेमाला नाही. ज्यांना नाही तिथे तीच कसरत.

बाकी, ऑप्टिकलवर माझ्या टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होतच नाही. ताई, तुमचं काय?

निवांत_संध्याकाळ

माझंही नाही होत. रिमोटने फक्त टीव्हीच्या स्पीकरचा आवाज बदलतो, तो मी बंदच ठेवलाय. उठून अ‍ॅम्पचं बटण फिरवावं लागतं. आणि तिसरी अडचण तिथेच आहे: बटण फिरवायला जागाच नाही.

तांब्याची_तार

ऑप्टिकलचा आवाज बहुतेक टीव्हींवर ठरावीक असतो. काहींच्या सेटिंगमध्ये Fixed आणि Variable असा पर्याय असतो, तो एकदा शोधा. नसेल तर एआरसीवाला डॅक लागेल. त्यातल्या काहींना टीव्हीचा रिमोट आवाज सांगू शकतो, काहींना नाही. कुठला टीव्ही कुठल्या डॅकशी जुळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. माझ्याकडे एक जोडी जुळली आणि दुसरी जुळली नाही.

तिसऱ्या अडचणीचं कारण सरळ आहे. त्या काळच्या अ‍ॅम्पच्या AUX ला पूर्ण ताकदीसाठी साधारण १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत. डॅक देतो २ व्होल्ट, म्हणजे दहा-तेरा पट. म्हणून बटण जरा हललं की घर दणाणतं. आणि डावा-उजवा फरक पडतो कारण त्या बटणात एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात. सुरुवातीच्या भागात त्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत, मधल्या भागात जुळतात. बटण मधे आणलं की फरक आपोआप जाईल.

त्यासाठी डॅकचा आवाज वाटेतच कमी करायचा. तयार अटेन्युएटर आरसीएच्या पिनेसारखे मिळतात, १० किंवा १२ डेसिबलचे घ्या. सोल्डर जमत असेल तर घरीही होतं. प्रत्येक बाजूला १० किलोओहमचा रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत, आणि त्याच्या अ‍ॅम्पकडच्या टोकापासून जाळीपर्यंत ३.३ किलोओहमचा. अ‍ॅम्पचा स्वतःचा इनपुट साधारण ४७ किलोओहमचा धरला तर २ व्होल्टचे ४७० मिलिव्होल्टच्या आसपास होतात, म्हणजे साडेबारा डेसिबलची घट. दोन्ही बाजूंचे रेझिस्टर १ टक्क्याचे घ्या, नाहीतर डावं-उजवं परत हलेल. जोडणी अ‍ॅम्पच्या टोकाला करा, डॅकच्या नाही.

कॅसेटप्रेमी

रेझिस्टर घातल्याने आवाजाची मजा जाते, असं माझं मत आहे. मी डॅक थेटच लावतो आणि बटण जपून फिरवतो.

तांब्याची_तार

तुमचा अ‍ॅम्प २ व्होल्ट सोसत असेल तर जरूर लावा. पण काही जुन्या अ‍ॅम्पमध्ये आवाजाच्या बटणाच्या आधीच एक टप्पा असतो आणि तो २ व्होल्टला भरून वाहतो. मग आवाज कितीही कमी ठेवला तरी मोठे सूर किंचित फाटतात. पियानोचा एखादा जोरदार ठोका बारीक आवाजात ऐका. तिथे खरखर आली तर रेझिस्टर घालाच.

निवांत_संध्याकाळ

रविवारी भावाने सोल्डर करून दिलं. चारही रेझिस्टर १ टक्क्याचे. बटण आता घड्याळात दहा-अकरा वाजतात तिथपर्यंत जातं, आणि दोन्ही स्पीकर सारखे वाजतात. गायकाचा आवाज अगदी टीव्हीच्या मधून येतो. पियानोवरही ऐकलं: थेट लावला होता तेव्हा किंचित फाटत होता, आता नाही.

एक गोष्ट मात्र उरली. सिनेमा थांबवून परत चालू केला की पहिला अर्धा शब्द गिळला जातो. "चला" च्या जागी "ला" ऐकू येतं. डॅकवरचा दिवा त्या क्षणी विझून परत लागतो.

तांब्याची_तार

थांबवल्यावर तुमचा टीव्ही ऑप्टिकलवरचा प्रवाहच बंद करतोय. परत सुरू झाला की डॅकला त्याची लय पकडायला थोडा वेळ लागतो, आणि तोवर तो मुद्दाम गप्प राहतो. याला मला तरी हमखास उपाय सापडलेला नाही. काही डॅक लवकर पकडतात, पण ते डबीवर लिहिलेलं नसतं.

प्रश्नचिन्ह

TUNER मध्ये लावलं, छान चालतंय. माझ्या टीव्हीवर सिनेमा थांबवला तरी डॅकचा दिवा लागलेलाच राहतो, शब्द गिळत नाही. अ‍ॅप बदललं की मात्र एकदा विझतो.

रात्रपाळी

माझ्याकडे एका अ‍ॅपवर शब्द गिळतो, दुसऱ्यावर नाही. डॅक तोच, टीव्ही तोच. ताई, तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपवर बघितलंत का?

निवांत_संध्याकाळ

नाही बघितलं. आज रात्री बघते आणि लिहिते.